ज्युरीला शिव्या घालून झाल्या असतील तर जरा क्रमाचं बोलू

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. वकिलांनी इतकी वर्षं आंदोलनं केली त्याचं चीज झालं, आणि आता भवानी मंडपापासून रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत जो तो कायद्यावर बोलायला लागलाय. त्यात वाईट काही नाही. पण एक वाद मात्र मला आता ऐकवत नाही. एखाद्या गाजलेल्या केसमध्ये आरोपी सुटला की एक पार्टी म्हणते, एकट्या जजवर सोडू नका, अमेरिकेसारखी ज्युरी आणा, बारा सामान्य माणसं बसवा आणि मग बघा. लगेच दुसरी पार्टी नानावटी काढते. ज्युरी आपल्याकडं होती की भावा, त्यांनी गोळ्या घालणाऱ्या माणसाला सोडून दिलं म्हणून तर बंद केली, आपली पब्लिक भावनेच्या भरात वाहणारी, तिच्या हातात कुणाचा जीव द्यायचा? मग पहिली पार्टी भडकते, म्हणजे आम्ही अडाणी काय, आणि तिथनं पुढं नुसता आवाज.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण दोघंही एकाच प्रश्नावर भांडतायत की लोक शहाणे का अडाणी. निकाल वाकतो तो बहुतेक वेळा अकलेच्या कमतरतेनं वाकत नाही, कामाचा क्रम चुकल्यामुळं वाकतो. पुराव्याच्या आधी डोक्यात काय शिरलं, बोलणं व्हायच्या आधी मत मागितलं का, आणि साक्षीदाराची खात्री नेमकी कधी मोजली, या तीन गोष्टी ज्याला कळल्या त्याला ज्युरीचे बरेचसे घोटाळे कळले. आणि यातल्या दोन गोष्टी आजच्या आपल्या बिनज्युरीच्या कोर्टातही जशाच्या तशा आहेत. म्हणजे ज्युरी आणून हे सुटणार नाही, आणि ज्युरी घालवून सुटलेलं पण नाही.

आधी नानावटी, कारण त्या केसबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं चुकीचं आहे. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना बायकोनं सांगितलं की प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी तिचे संबंध आहेत. त्यांनी बायकोपोरांना सिनेमाला सोडलं, जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी आहुजाच्या ऑफिसात गेले, तिथं तो नव्हता म्हणून त्याच्या फ्लॅटवर गेले. बेडरूममध्ये तीन गोळ्या सुटल्या. आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, आणि मेल्यावरही त्याच्या कमरेचा टॉवेल जागेवरच होता. बचाव असा होता की झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या. झटापट झाली तर टॉवेल कसा राहिला, हा सरकारी पक्षाचा प्रश्न. नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं नानावटींना निर्दोष ठरवलं. सेशन जजना हे पटलं नाही आणि त्यांनी केस हायकोर्टाकडं पाठवली, कारण १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली तसं करता यायचं. हायकोर्टानं खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली.

आता कट्ट्यावर कुणी सांगत नाही तो भाग. हायकोर्टात दोन न्यायमूर्ती होते. त्यातल्या शेलत यांनी आधी हे धरलं की सेशन जजनीच ज्युरीला कायदा समजावून सांगताना चुका केल्या, आणि त्या धरून सगळा पुरावा नव्यानं तपासला. कुठल्या चुका? अपघात झाला असं आरोपी म्हणत असेल तर ते दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते, हे ज्युरीला नीट सांगितलंच नव्हतं. घटनेनंतर लगेच नानावटी इमारतीच्या चौकीदाराशी जे बोलले, की याचे माझ्या बायकोशी संबंध होते म्हणून मारलं, त्याचं वजन काय हे पण समजावलं नव्हतं. शेलत यांनी निकाल पुराव्याच्या विरुद्ध आहे असंही म्हटलंच, आणि दुसरे न्यायमूर्ती नाईक तर म्हणाले की कुठलीही समजूतदार माणसं या निकालाला येऊच शकली नसती. म्हणजे ज्युरी चुकली यात वाद नाही. पण ज्यांना चुकीचा नकाशा हातात दिला ते वाट चुकले, तर सगळं खापर त्यांच्याच डोक्यावर का फोडायचं?

आणि या केसमुळंच ज्युरी गेली हे पण अर्धवट. लॉ कमिशननं १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ज्युरी बंद करा असं सांगितलं होतं, तेव्हा आहुजा जिवंत होता. दुसरीकडं काही ठिकाणी ज्युरी नानावटीनंतरही चालू राहिली आणि १९७३ च्या नव्या संहितेत कायमची गेली. पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या कोर्टात तर समाजातले प्रतिनिधी आजही जजबरोबर बसतात.

मग आठ जणांनी असा निकाल का दिला? इथं ब्लिट्झ येतं. रुसी करंजियांच्या या साप्ताहिकानं उघडउघड नानावटींची बाजू घेतली, एकीकडं देशाची सेवा करणारा रुबाबदार अधिकारी आणि दुसरीकडं पैसेवाला, बायकांच्या मागं लागणारा माणूस, अशी गोष्ट आठवड्यामागून आठवडे छापली. २५ पैशांचा अंक २ रुपयांना जात होता असं सांगतात. ज्युरीतल्या कुणी किती वाचलं हे आज सिद्ध करता येणार नाही. पण त्या मुंबईत ते न वाचता, न ऐकता राहणं किती अवघड होतं याची कल्पना करा.

आता इथं ज्युरीवाले म्हणतात, वाचलं म्हणून काय झालं, शहाणा माणूस ते बाजूला ठेवू शकतो की. जगभरच्या कोर्टांचंही हेच म्हणणं असतं, जज सांगतात की बाहेर ऐकलेलं विसरा आणि फक्त इथला पुरावा बघा. अमेरिकेत इंडियाना राज्यात लेस्ली आयर्विन नावाच्या आरोपीची केस झाली. ज्युरीसाठी ४३० लोकांना बोलावलं होतं, त्यातल्या २६८ जणांना नुसतं एवढ्यासाठी परत पाठवावं लागलं की त्यांचं आधीच ठरलं होतं हा दोषी आहे. शेवटी जे बारा बसले त्यातले आठ जण म्हणाले, होय आम्हाला तो दोषी वाटतो, पण आम्ही निःपक्षपाती राहू. मृत्युदंडाची शिक्षा झाली. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा खटला चालला, पुन्हा दोषीच ठरला, पण या वेळी जन्मठेप. ती आठ माणसं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही, त्यांना खरंच वाटत होतं की आपण बाजूला ठेवू शकतो. अडचण तीच आहे.

कारण बातमी डोक्यात एका वेगळ्या कप्प्यात राहत नाही. खोट्या ज्युरी बसवून केलेल्या प्रयोगांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्यात. एक, ज्यांनी आधी बातमी वाचली ते पुढं साक्ष ऐकतानाच ती त्या बाजूला वळवून ऐकतात, म्हणजे संदिग्ध वाक्य आलं की ते दोषाकडं झुकवून घेतात. दुसरी जास्त भयंकर. काही दिवसांनी विचारलं की हे तुम्ही कुठं ऐकलं, तर बातमीतली गोष्ट लोक कोर्टात ऐकली म्हणून सांगतात. ती कोर्टातच ऐकली अशी आठवण झाल्यावर ती बाजूला कशी ठेवणार? जजचा हुकूम पाळायला आधी माल ओळखता तर आला पाहिजे. १९९० मध्ये क्रेमर, कर आणि कॅरल यांनी हेच तपासलं, तर जजच्या सूचनेनं बातमीचा परिणाम गेला नाही. मध्ये काही दिवस जाऊ दिले की नुसत्या माहितीच्या बातमीचा असर कमी झाला, पण मन हेलावणाऱ्या बातमीचा तसाच राहिला.

इथं विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा मान्य करायला पाहिजे. पेपर आणि टीव्ही नसते तर कित्येक केसेस दाबल्याच गेल्या असत्या. जेसिका लालच्या खुनाच्या खटल्यात फेब्रुवारी २००६ मध्ये सगळे सुटले, देशभर ओरड झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टानं मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. ती ओरड नसती तर? खरं आहे. आणि हे पण खरं की प्रयोगांची बेरीज केली तर बातम्यांचा सरासरी परिणाम प्रचंड वगैरे नाही, मध्यमच निघतो, पुरावा भक्कम असला तर बातमीनं फार फरक पडत नाही. पण भक्कम पुराव्याच्या केसमध्ये तसाही निकाल कुणीही दिला असता. वांधा होतो तो काठावरच्या केसमध्ये, आणि कोर्ट असतं ते काठावरच्या केसेससाठीच. शिवाय तपास होत नाही, अपील होत नाही म्हणून ओरडणं वेगळं आणि आरोपीनं पोलिसांसमोर काय कबूल केलं ते ब्रेकिंग न्यूज म्हणून चालवणं वेगळं. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात सहसा पुरावा म्हणून चालत नाही. जे कोर्टात चालत नाही ते अख्ख्या जिल्ह्याला आधी ऐकवायचं आणि मग म्हणायचं न्याय पुराव्यावर होतो. मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये मीडिया ट्रायलवरच्या निकालात नेमकं हेच टाळा म्हणून सांगितलंय, पाळतंय कोण हा भाग सोडा.

आता खोलीतली चर्चा. बारा डोकी एका डोक्यापेक्षा बरी हे ज्युरीवाल्यांचं लाडकं वाक्य, आणि त्यात गणिताचा आधार पण आहे. फ्रान्समधल्या कोंदोर्सेनं १७८५ मध्ये ते मांडलं. समजा नऊ माणसं आहेत आणि प्रत्येकाचा अंदाज बरोबर यायची शक्यता ६० टक्के, तर बहुमत बरोबर यायची शक्यता सुमारे ७३ टक्के होते. माणसं वाढवा, शक्यता वाढते. भारी आहे. पण या गणिताला एक अट आहे, प्रत्येकानं आपापलं डोकं चालवलं पाहिजे. नऊच्या नऊ जणांनी तेच साप्ताहिक वाचलं असेल तर ती नऊ मतं कागदावरच नऊ, त्यातली चूक सगळ्यांची एकच आणि एकाच दिशेची. मग बहुमतानं काय दुरुस्त होणार?

लोकांना वाटतं चर्चेत ते धुऊन निघेल, एक जण म्हणेल अरे ते पेपरातलं होतं, सोडा. होतं उलटं. आत्ता सांगितलेल्या १९९० च्या प्रयोगात चर्चेनंतर बातमीचा परिणाम कमी न होता वाढला. याचं कारण आधीपासून माहीत होतं, १९७० च्या दशकात मायर्स आणि कॅप्लन यांनी ट्रॅफिकच्या केसेसवर खोट्या ज्युरी बसवल्या होत्या. जिथं पुरावा दोषाकडं झुकलेला होता तिथं चर्चेनंतर लोक आणखी कडक झाले, जिथं सुटकेकडं झुकलेला होता तिथं आणखी मऊ. गट मध्यावर येत नाही, ज्या बाजूला आधीच झुकलाय त्या बाजूला अजून सरकतो. सोपं आहे, नऊपैकी सात जण एका बाजूचे असतील तर टेबलावर येणारे बहुतेक मुद्दे त्याच बाजूचे असणार, प्रत्येकाला आपल्याला न सुचलेले दोन नवे मुद्दे मिळतात आणि तो घरून आणलेल्या मतापेक्षा जास्त पक्का होऊन बाहेर पडतो. त्यात आणखी एक, मतं बरोबरीत असली तर सहसा सुटकेची बाजू जिंकते, कारण तिला फक्त शंका दाखवायची असते. नानावटींच्या केसमध्ये बातम्या सुटकेकडं, चर्चेचा ओढा सुटकेकडं, जजची अर्धवट समजावणी पण सुटकेकडं. आठ-एक झालं याचं नवल वाटायला नको. तो एक कोण होता आणि कसा टिकला याचंच मला जास्त कुतूहल आहे.

आणि इथंच क्रमाचा मुद्दा पुन्हा येतो. १९८३ मध्ये हेस्टी, पेनरॉड आणि पेनिंग्टन यांनी ज्युरीच्या खोलीत काम कसं चालतं याचा मोठा अभ्यास केला, त्यात दोन तऱ्हा दिसल्या. काही ज्युरी खोलीत शिरल्या शिरल्या हात वर करायला लावतात आणि मग आपापल्या मताची वकिली सुरू होते. काही आधी काय घडलं याची गोष्ट पुराव्यातनं एकत्र लावून बघतात, मत शेवटी. पहिल्या तऱ्हेत एकदा हात वर गेला की तो सगळ्यांसमोर खाली घेणं म्हणजे खासबागेत भरल्या मैदानात आपणहून पाठ टेकण्यासारखं, कोण घेतंय? शिकागोच्या काल्व्हेन आणि झायझेल यांनी खऱ्या ज्युरींची माहिती गोळा करून १९६६ मध्ये दाखवलं होतं की पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत असतं तीच बाजू शेवटी दहापैकी जवळपास नऊ वेळा जिंकते. म्हणजे पहिलं मतदान कधी घेतलं यावर बरंच ठरतं, आणि ते कधी घ्यायचं हे ठरवायला कुणाला कायद्याची डिग्री लागत नाही, नियम लागतो.

बहुमताच्या नियमाचंही तेच. एकमत लागणार असेल तर वेगळं बोलणाऱ्याचं ऐकून घ्यावंच लागतं, ज्युरी जास्त वेळ बसते आणि पुरावा जास्त चाळते. बहुमतावर भागत असेल तर त्याला हो हो म्हणून मतदान उरकता येतं. आपल्या माणसांना हे पुस्तकातनं शिकायची गरज नाही. टिळकांवरचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला आठवा. केसरीतले लेख जूनच्या मध्यावर छापले, आठवड्याभरात पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात तो पुढं मेला, आणि अँग्लो-इंडियन पेपरांनी लेखांचा आणि खुनाचा धागा जोडून रान उठवलं. मुंबई हायकोर्टात ज्युरी नऊ जणांची, सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, दोषी. १९०८ मध्ये पुन्हा तेच, सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. त्याच काळात खुद्द इंग्लंडमध्ये बाराच्या बारा जणांचं एकमत झाल्याशिवाय कुणाला दोषी ठरवता येत नव्हतं. म्हणजे लंडनमध्ये ज्या तिघांनी निकाल अडवून धरला असता त्यांना मुंबईत कुणी विचारलं पण नाही. जे म्हणतात ज्युरी म्हणजे जनतेची ढाल, त्यांनी ही ढाल कुणाच्या हातात होती ते बघावं, आणि जे म्हणतात आपल्या लोकांना जमत नाही, त्यांनी त्या दोन्ही वेळच्या अल्पमताकडं बघावं.

तिसरी गोष्ट साक्षीदाराची खात्री, आणि यात आजच्या कोल्हापूरच्या कोर्टाचा थेट संबंध येतो. कोर्टात साक्षीदार पिंजऱ्याकडं बोट दाखवून म्हणतो, हाच तो, मी मरेपर्यंत विसरणार नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांसमोर लुटुपुटीची चोरी घडवून आणली, साक्षीदारांना चोर ओळखायला लावला, आणि त्यांची उलटतपासणी दुसऱ्या लोकांना दाखवली. बरोबर ओळखणाऱ्यांवर सुमारे ८० टक्के लोकांनी विश्वास ठेवला, आणि चुकीचं ओळखणाऱ्यांवर पण साधारण तेवढ्याच लोकांनी. खात्रीनं बोलतोय म्हणजे खरं बोलतोय, एवढंच माप लोकांकडं होतं.

खात्री तयार कशी होते हे रोनाल्ड कॉटनच्या केसइतकं स्वच्छ दुसरीकडं दिसत नाही. १९८४, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना. एका विद्यार्थिनीवर घरात घुसून बलात्कार झाला. तिनं त्या अवस्थेतही मुद्दाम त्याचा चेहरा लक्षात ठेवला, म्हणजे साक्षीदार म्हणून याहून चांगली मिळणार नाही. पोलिसांनी सहा फोटो दाखवले. तिनं बराच वेळ घेतला, दोनावर आली, मग कॉटनचा निवडला. पुढं प्रत्यक्ष रांग लावली, तिथंही दोघांत अडकली, मग कॉटनवर बोट ठेवलं. फोटोत आणि रांगेत दोन्हीकडं असलेला तो एकटाच माणूस. आणि मग तिला सांगितलं गेलं की तू फोटोत निवडलेला हाच. ती खोटं बोलली नाही, कुणी तिला पढवलं नाही, पण तिथनं पुढं शंका संपली. कोर्टात ती ठाम होती आणि ज्युरीनं ऐकलं. १९८७ मध्ये फेरखटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर उभा केला, तर ती म्हणाली याला मी कधी पाहिलंच नाही. १९९५ मध्ये डीएनएनं कॉटन निर्दोष ठरला, तोपर्यंत दहा वर्षांवर जेलमध्ये गेली होती. नंतर, १९९८ मध्ये वेल्स आणि ब्रॅडफिल्ड यांनी प्रयोग करून दाखवलं की चुकीचा माणूस निवडणाऱ्याला नुसतं शाब्बास, बरोबर ओळखलंस म्हटलं की त्याची खात्री तर वाढतेच, वर तो सांगायला लागतो की मला चेहरा अगदी नीट दिसला होता.

यावरनं कुणी म्हणेल की मग साक्षीदाराच्या खात्रीला काहीच किंमत नाही. तसं नाहीये, आणि अर्धवट वाचून तसं बोलणारे वकील केसचं नुकसान करतात. नवं संशोधन, विशेषतः विक्स्टेड आणि वेल्स यांचं २०१७ चं, सांगतं की ओळख नीट पद्धतीनं घेतली असेल तर अगदी पहिल्या वेळची खात्री बऱ्यापैकी भरवशाची असते. पहिल्यांदा पटकन आणि ठाम ओळखणारा बहुधा बरोबर असतो, पहिल्यांदा अडखळणारा बहुधा डळमळीत. कॉटनच्या केसमध्ये पण सगळं पहिल्याच दिवशी दिसत होतं की, लागलेला वेळ, दोघांत अडकणं. ते कुणी मोजलंच नाही.

आता आपल्याकडचा क्रम बघा. आरोपी पकडला जातो. त्याच संध्याकाळी त्याचा फोटो ग्रुपवर आणि लोकल चॅनेलवर. कोर्टात नेताना पोलीस त्याच्या तोंडाला बुरखा घालतात कारण ओळखपरेड व्हायचीय, पण तोपर्यंत अख्ख्या पेठेनं त्याचा चेहरा झूम करून बघितलेला असतो. मग कधीतरी जेलमध्ये नायब तहसीलदार किंवा तहसीलदार पंच आणि डमी उभे करून परेड घेतात. मग काही वर्षांनी सेशन कोर्टात साक्षीदार बोट दाखवतो. आणि कायद्याची गंमत अशी की परेड हा फक्त आधाराचा पुरावा, मूळ पुरावा म्हणजे कोर्टातलं ते शेवटचं बोट. पहिली, कच्ची, सगळ्यात कामाची ओळख दुय्यम, आणि फोटो बघून, परेड होऊन, वर्षानुवर्षं चर्चा करून पक्की झालेली ओळख मुख्य. कोर्टं आधाराशिवाय सहसा विसंबत नाहीत हे मान्य, पण वजन कुठं ठेवलंय ते बघा.

यावर उत्तर येतं की म्हणूनच ज्युरी नको, जज शिकलेला असतो. जजच्या बाजूनं सगळ्यात मोठी गोष्ट मी आधीच कबूल करतो, जजला कारणं लिहावी लागतात. निकालपत्र असतं, त्यातली प्रत्येक ओळ वरच्या कोर्टात सोलता येते. ज्युरी नुसतं दोषी का निर्दोष सांगते, आत काय शिजलं ते कळत नाही. माझ्यापुरता हा मुद्दा निर्णायक आहे, ज्युरी परत आणा असं मी म्हणणार नाही. पण जज या सगळ्याच्या पलीकडं असतात हे खोटं आहे. २००५ मध्ये विस्ट्रिच, गथ्री आणि रॅचलिन्स्की यांनी अमेरिकेतल्या खऱ्या जजवर प्रयोग केले, कायद्यानं विचारात न घ्यायची माहिती त्यांना दाखवली आणि मग विसरायला सांगितली, तर बऱ्याच प्रकारांत जजनाही ती विसरता आली नाही. आणि काल्व्हेन-झायझेल यांच्या पाहणीत जज आणि ज्युरी सुमारे ७८ टक्के केसेसमध्ये एकाच निकालाला आले होते. एवढा फरक नाहीये दोघांत. शिवाय खोलीत चर्चा नसल्यानं जजची एक कटकट वाचते, पण बातमी आणि साक्षीदार या दोन कटकटी त्याच्याही टेबलावर येतातच, आणि एकटा असल्यामुळं तुमच्या डोक्यात हे आधीपासून होतं का असं विचारणारा शेजारी पण नसतो.

तर भांडायचंच असेल तर याच्यासाठी भांडा. परेड होईपर्यंत आरोपीचा चेहरा बाहेर जाता कामा नये, आणि गेला तर कुणाच्या मोबाइलमधनं गेला याची चौकशी व्हावी. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला रांगेत संशयित कोण हे माहीत नसावं, दुसरा अधिकारी रांग लावेल. साक्षीदार काय म्हणाला, किती वेळ घेतला, कुणावर अडला हे त्याच्याच शब्दांत उतरावं, आणि त्याला शाब्बास म्हणू नये. आणि सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. हे नवीन काही मागत नाहीये मी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असेल तर रेकॉर्डिंग करायला आजही लागतं. तिच्यासाठी शक्य आहे तर बाकीच्यांसाठी का नाही? पोलीस म्हणतील मनुष्यबळ नाही, वेळ नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण पंचनाम्याचं शूटिंग आता होतंच आहे, आणि परेड काही दिवसभर चालत नाही. सर्किट बेंचसाठी इतकी वर्षं लढलेल्या आपल्या वकिलांनी परेडच्या शूटिंगची एक साधी याचिका त्याच बेंचसमोर टाकायला काय हरकत आहे?